कापडी की वापरून फेकायचे? जर्मनीतला हिशोब आणि नाशिकचं ऊन

आम्ही श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात राहतो. इथे लेकीसाठी कापडी डायपर वापरायचे की दुकानातले वापरून फेकायचे, याचा हिशोब मी मांडला तेव्हा कापडी डायपर महाग निघाले. आता माझी धाकटी बहीण नाशिकला, इंदिरानगरमध्ये, बाळाची तयारी करते आहे. तिने फोनवर विचारलं, "ताई, तू सांगशील ते घेते." पण इथलं उत्तर तिला तसंच्या तसं देणं चुकीचं झालं असतं, म्हणून तिच्या घराचा हिशोब मी वेगळा मांडला.

आधी नग किती लागतात ते पाहू. पहिले तीन महिने दिवसाला आठेक डायपर लागतात, वर्षापर्यंत सहा आणि दुसऱ्या वर्षात पाच. दोन वर्षांत साधारण 4,200 होतात. इथे औषध-सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात त्यांचा स्वतःच्या ब्रँडचा डायपर मिळतो. तो सरासरी 15 सेंट धरला, तर 630 युरो होतात. कापडी 24 नग प्रत्येकी 20 युरोने घेतले तर सुरुवातीलाच 480 युरो जातात. त्यावर एक दिवसाआड धुणं आलं. वीज युनिटला 40 सेंटच्या आसपास, पाणी आणि सांडपाण्याचे पैसे वेगळे, मशीनची झीज आणि पावडर असं सगळं धरून एका धुण्याला 1.35 युरो पडतात. दोन वर्षांत अशी 365 धुणी होतात, म्हणजे आणखी 490 युरो. एकूण 970. हिवाळ्यात ड्रायर लावला तर त्याची वीज वरून. घरातच वाळत घातले तर भिंतींना ओल धरते. काही नगरपालिका कापडी डायपर घेणाऱ्यांना अनुदान देतात आणि इथे जुने नगही सहज मिळतात. तेवढ्याने तफावत कमी होते, पण ती पुरती भरून निघेलच असं नाही.

आता नाशिक. दुकानातला डायपर लहान मापात आठ रुपयांना आणि मोठ्या मापात बारा-तेराला धरला, तर सरासरी साडेदहा येते आणि 4,200 नगांचे सुमारे 44,000 रुपये होतात. कापडी 24 नग साडेपाचशेने घेतले तर 13,200. आता धुण्याचा खर्च. समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये आधी थंड पाण्याची एक छोटी धुलाई आणि मग 60 अंशांवरची मोठी धुलाई धरली, तर 1.2 युनिटच्या आसपास वीज लागते. ती युनिटला 11 रुपयांनी 13 रुपये झाली. मशीनची पावडर 15 रुपयांची. मशीन 28,000 ची आणि ती दोन-अडीच हजार धुण्यांनंतर थकते असं धरलं, तर प्रत्येक धुण्याला 12 रुपये झीज. नळाच्या पाण्याचा रुपयाभर. सगळे मिळून 41 रुपये, आणि 365 धुण्यांचे 15,000. म्हणजे कापडी डायपर दोन वर्षांत सुमारे 28,000 ला पडतात आणि 16,000 वाचतात. वाळवायला काहीच खर्च नाही, कारण नाशिकच्या गच्चीवर फेब्रुवारी ते मे या काळात जाड कपडाही दुपारपर्यंत कडक वाळतो, आणि पिवळे डागही ऊनच घालवतं.

हे 16,000 मात्र सहज निसटतात. रात्री कापडी डायपर दहा तास टिकत नाही. तेव्हा रात्रीपुरता बारा रुपयांचा एक दुकानातला डायपर लावला, तर दोन वर्षांत पावणेनऊ हजार जातात आणि शिल्लक सात हजारांवर येते. त्यात घरकामाच्या ताईंनी डायपरचे महिन्याला 300 रुपये जास्त घेतले (आणि ते घेणं योग्यच आहे, ते अंगमेहनतीचं काम आहे), तर 24 महिन्यांचे 7,200 होतात. बचत संपली. ज्या सोसायटीत टँकरवर दिवस काढावे लागतात, तिथे शंभर लिटरला 20 रुपये धरले तरी प्रत्येक धुण्याचा खर्च दीडपट होतो. म्हणून बहिणीला मी आधी विचारलं ते डायपरच्या कंपनीबद्दल नाही. धुणार कोण आणि पाणी कुठलं, एवढंच विचारलं.

त्यातून बोअरचं पाणी असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. जड पाण्यातले क्षार आणि पावडरीचा उरलेला थर कापडात साठतो. मग बाळाने शू केली की लगेच नाकात झोंबणारा वास येतो, किंवा आतला पॅड शोषत नाही आणि मांडीवरून गळतं. पॅडवर पाण्याचा थेंब टाकून पाहायचा. तो मण्यासारखा वर बसून राहिला, तर कापडावर थर बसला आहे. त्यामुळे कपडे मऊ करणारं द्रावण यात कधीच घालायचं नाही, तेही असाच थर चढवतं. अंगाला लावायचं झिंकचं मलमही पॅडवर लागू द्यायचं नाही. मशीन पाऊण भरलेली असावी. गच्च भरली तर पाणी आत शिरत नाही आणि रिकामी असेल तर कापड एकमेकांवर घासलं जात नाही. पहिली धुलाई थंड पाण्याचीच हवी, कारण गरम पाण्यात शीचा डाग पक्का बसतो. वापरलेले नग बादलीत पाण्यात भिजत ठेवण्यापेक्षा शी झटकून कोरड्या डब्यात ठेवावेत, म्हणजे इलास्टिक लवकर ढिलं पडत नाही. सुती पॅड नवे असताना कमी शोषतात. पाच-सहा वेळा धुतले की नीट काम करतात. ही गोष्ट माहीत नसल्याने पहिल्याच आठवड्यात "हे गळतात" म्हणून कपाटात टाकलेले डायपर मी पाहिले आहेत.

यापुढचा प्रश्न पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर या दिवसांत चार-पाच पदरी शिवलेला जाड पॅड दीड-दोन दिवस ओलाच राहतो, आणि ओलसर पॅड बाळाला लावला की अंगावर पुरळ आलंच. माझं मत आहे की नाशिकमध्ये पावसाळ्यासाठी पदरी शिवलेले पॅड घेऊच नयेत. चौकोनी, एकपदरी सुती कापड घ्यावं. घडी घालून बाळाला बांधायचं आणि वरून पाणी न झिरपणारं कव्हर. धुतल्यावर उलगडलं की एकच पदर राहतो, आणि तो पावसातही पंख्याखाली रात्रीत वाळतो. शिवाय जुन्या धोतराचं किंवा मऊ सुती साडीचं कापड घरात असतंच. मग कापडाचे पैसे जवळजवळ नाहीत, फक्त सहा-सात कव्हरं विकत घ्यायची. वर्षभर हेच वापरलं तर वर मांडलेल्या 13,200 चे तीन-चार हजार होतात आणि निसटलेली बचत परत हाती येते.

आणखी एक गोष्ट इथल्या हिशोबात नव्हतीच. नाशिकला सासूबाई किंवा आई बाळाला दूध पाजल्यावर पायांवर धरून शू-शी करवतात. पाच-सहा महिन्यांच्या बाळाला ती सवय लागली की दिवसाचे दोन-तीन डायपर सहज कमी होतात. घरात साधा लंगोट आणि खाली दुपटं पुरतं. पण हे करायला दिवसभर घरात कुणीतरी हवं. इथे ते नव्हतं.

बहिणीचं बाळ मेच्या अखेरीला येईल, म्हणजे सुरुवातीचे सगळे महिने पावसात जाणार. म्हणून तिला सांगितलं की पहिले तीन महिने दिवसा लंगोट आणि चौकोनी कापड, रात्री दुकानातला एक. तयार कापडी डायपर आताच 24 घेऊ नकोस. दोन वेगवेगळ्या बनावटीचे तीन-तीन घे आणि बाळाच्या मांडीला कुठला नीट बसतो ते पाहा. मांडीपाशी फट राहिली तर चांगला पॅडही गळतो. बाकीचे दसऱ्यानंतर, ऊन पडायला लागल्यावर घे.