आनंदमेळ्याचा हिशेब

आज लेकीच्या डायरीतून मुख्याध्यापिका बाईंचं पत्र आलं. पालकांचे आभार, आणि खाली आनंदमेळ्याचा हिशेब. सगळ्या स्टॉलवर मिळून 1,84,600 रुपये जमले. सामान, गॅस आणि मंडपाचे 61,350 वजा जाता शाळेकडे 1,23,250 उरले. त्यातून मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती होणार आहे. पहाटे जांभळी नाक्यावरून वडापावच्या स्टॉलसाठी बटाटे आणणाऱ्या पालकांचाही उल्लेख आहे, फार बरं वाटलं.

मला सगळ्यात भावला तो कुपनांचा परिच्छेद. स्टॉलवर रोख घ्यायची नाही, फक्त कुपन, असा नियम होता. काउंटरवर विकली गेली 1,87,300 रुपयांची कुपनं, पण रात्री स्टॉलवरची मोजली तर 2,700 कमी भरले. म्हणजे तेवढी कुपनं अजून कुणाच्या तरी खिशात आहेत. बाईंनी ती रक्कम जमेत धरलीच नाही, बाजूला ठेवली. शुक्रवारपर्यंत कुपन कार्यालयात द्या आणि पैसे परत न्या, उरलेले दुरुस्तीत घालू, असं स्पष्ट लिहिलंय. इतका चोख हिशेब पाहून पुढच्या वर्षीही स्टॉल घ्यायचा, हे मी आजच ठरवलं.

आमच्या दप्तरात दहा-दहाची चार कुपनं निघाली. लेक म्हणते, ती दुरुस्तीलाच राहू देत.