फॅन चालू असताना वाजतो की बंद असताना? बाथरूमच्या शटरचा माझा अनुभव

रात्री दोनच्या सुमारास आईने हाक मारली. "अरे, दार कोण वाजवतंय बघ जरा." दाराशी कोणीच नव्हतं. बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनचं मागचं शटर वाजत होतं. टक, टक-टक, मग थोडी शांतता, आणि वाऱ्याचा झोत आला की पुन्हा टक. आईची खोली बाथरूमला लागूनच आहे, त्यामुळे तिची झोप आठवडाभर नीट झाली नव्हती. ते तिने मला त्या रात्रीच सांगितलं.

फॅन साधाच होता. दीडशे मिलिमीटरचा, सरळ भिंतीत बसवलेला. बाहेरच्या तोंडाला प्लास्टिकच्या तीन आडव्या पट्ट्या, वरच्या कडेला बारीक पिनांवर टांगलेल्या आणि एका दांडीने एकमेकींना जोडलेल्या. फॅन लावला की हवेच्या रेट्याने त्या उचलल्या जातात, बंद केला की आपल्या वजनाने खाली पडतात. बाहेरची हवा, धूळ आणि वास उलटे आत येऊ नयेत एवढंच त्यांचं काम. माझ्याकडे दोन्ही तक्रारी एकदम होत्या. पट्ट्या पूर्ण पडत नव्हत्या आणि अर्धवट लटकून वाजत होत्या.

सकाळी मेन स्विच बंद करून फॅन भिंतीतून काढला. शटर बाहेरच्या बाजूला असल्यामुळे नुसती आतली जाळी पुसून तिथे हात पोचत नाही, हे लक्षात ठेवा. पिना ज्या भोकांत फिरतात तिथे राखाडी रंगाचा घट्ट लगदा बसला होता. टॉवेलचे तंतू, धूळ आणि वाफ यांचा तो थर नखाने खरवडला तर मेणासारखा निघत होता. काही महिन्यांपूर्वी मी तिथे शिवणयंत्राचं तेल सोडलं होतं. दोन आठवडे पट्ट्या छान हलल्या, मग तेलाने आणखी धूळ धरली. आता सगळं कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून धुतलं, भोकं टूथपिकने साफ केली आणि पूर्ण वाळू दिलं. तेल लावलंच नाही.

टेबलावर शटर उभं धरून पट्टी बोटाने उचलून सोडली की टप्पकन बंद व्हायची. भिंतीवर चढवून स्क्रू आवळले की मधली पट्टी पुन्हा अडकायची. दोनदा असं झालं तेव्हा चौकटीवर मोजपट्टी ठेवून पाहिली. भिंतीचा गिलावा एका कोपऱ्यात दबलेला होता, त्यामुळे चारही स्क्रू घट्ट केले की प्लास्टिकची चौकट पिळली जायची आणि मधल्या पट्टीचं टोक कडेला घासायचं. कोपऱ्यातले स्क्रू थोडे सैल केले, मागच्या फटीत सीलंट भरलं आणि ते वाळेपर्यंत हात लावला नाही. पट्टी मोकळी झाली. भर दिवसा बाथरूममधला दिवा बंद करून शटरकडे पाहिलं, तर तिन्ही पट्ट्यांच्या कडेला उजेडाची रेघ उरली नव्हती. शटर खरंच मिटतंय का हे पाहायची याहून सोपी खूण मला सापडलेली नाही.

अडकणं संपलं, खडखड मात्र संपली नाही. तेव्हा मी पहिल्यांदा ती नीट ऐकत बसलो, आणि कळलं की मी दोन वेगळ्या आवाजांना एकच समजत होतो.

एक आवाज फॅन चालू असतानाचा होता. जलद, बारीक, तडतड असा. आंघोळीच्या वेळी दार बंद केलं की तो सुरू व्हायचा आणि दार दोन बोटं उघडलं की थांबायचा. दाराखालची फट मोजली तर जेमतेम तीन मिलिमीटर. फॅनला बाहेर टाकायला आधी आत हवा यायला हवी, आणि ती येतच नव्हती. अपुरा झोत पट्ट्यांना पूर्ण उचलू शकत नव्हता, मग त्या अधांतरी फडफडत राहायच्या. सुताराला बोलावलं. तो म्हणाला, "खालून सेंटिमीटरभर काढू या, पाणी बाहेर येणार नाही, उंबरा आहे." दार पाऊण मीटर रुंद आहे, म्हणजे एक सेंटिमीटरच्या फटीतून साधारण ७५ चौरस सेंटिमीटर वाट मोकळी झाली. त्या दिवसापासून चालू फॅनची तडतड बंद झाली. टिश्यूपेपरचा तुकडा आधी जाळीजवळून घसरून पडायचा, तो आता दार लावलेलं असतानाही जाळीला चिकटून राहतो.

दुसरा आवाज फॅन बंद असतानाचा, आईची झोप मोडणारा. तो वाऱ्याचा होता. वारा भिंतीवर समोरून सतत दाबत असेल तर पट्ट्या बंदच राहतात. वाजतात त्या झोत भिंतीला घासून जाताना, कारण तेव्हा क्षणात दाब आणि क्षणात ओढ अशी अदलाबदल होते. आकडा काढून पाहिला. ताशी ३६ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला १० मीटरचा वारा थांबवला तर साधारण ६० पास्कल दाब पडतो. माझी एक पट्टी १५ सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद. तेवढ्या पृष्ठभागावर ६० पास्कल म्हणजे जवळपास ४५ ग्रॅम वजनाचा जोर, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती पट्टी होती १० ग्रॅमची. ओढीच्या वेळी ती उचलली जाणार आणि दाबाच्या वेळी आपटणार, यात तिचा दोष नव्हता. मी कडेला पातळ फोमची पट्टी चिकटवली. आवाज मऊ झाला, गेला नाही. छोटं लोहचुंबकही लावून पाहिलं, पण त्याने पट्टी इतकी धरली की कमी झोतावर फॅनला ती उघडेना. ते काढून टाकलं.

म्हणजे वाऱ्याच्या तोंडावरच्या भिंतीला वजनावर पडणारं शटर पुरणार नव्हतं. बंद राहण्यासाठी वजनाखेरीज आणखी काहीतरी जोर हवा होता. माझ्यासमोर दोन मार्ग होते. एक, विजेवर उघडणारं शटर. फॅन लावला की छोटी मोटर किंवा तापून फुगणारं मेण पट्ट्या उघडतं आणि बंद केल्यावर त्या धरून मिटवतं. वाऱ्यात ते वाजत नाही, पण मेणाचं उघडायला वेळ घेतं, आणि बिघडलं तर फॅन बंद शटरवर घुमत राहतो. दुसरा मार्ग स्प्रिंगच्या डॅम्परचा. गोल डक्टमध्ये, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या नळीत, मधल्या दांडीवर दोन अर्धचंद्राकृती झडपा असतात आणि हलकी स्प्रिंग त्यांना मिटवून ठेवते.

मी दुसरा मार्ग धरला, पण हा डॅम्पर माझ्या जुन्या फॅनपुढे बसवला असता तर फसलो असतो. भिंतीतल्या छोट्या पंख्याच्या पात्यांना दाब फारसा तयार करता येत नाही. मोकळ्या हवेत ती भरपूर हवा ढकलतात, पण पुढे अडथळा आला की झोत कोसळतो आणि स्प्रिंगची झडप अर्धीच उघडते. म्हणून फॅनच बदलायचा ठरवला. बाथरूमच्या छताखाली फॉल्स सीलिंगमध्ये जागा होती, तिथे डक्टमध्ये बसणारा इनलाइन फॅन घ्यायचा.

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. मी त्याकडे दुर्लक्ष करून माहितीपत्रकातला दाब आणि झोत यांचा आलेख पाहिला. बाथरूम अडीच मीटर लांब, १.६ रुंद आणि २.४ उंच, म्हणजे ९.६ घनमीटर. तासाला आठ वेळा हवा बदलायची तर सुमारे ७७ घनमीटर लागतात. डॅम्पर, डक्ट आणि बाहेरचं झाकण यांच्या अडथळ्यासाठी ५० पास्कल धरले आणि तेवढ्या दाबाला ११० घनमीटर देणारा फॅन निवडला. मोकळ्या हवेतला त्याचा आकडा १८० होता. फक्त शून्य पास्कलचा आकडा देणारे फॅन मी बाजूला ठेवले.

डॅम्पर हातात घेऊनच घेतला. हलकी फुंकर मारल्यावर झडपा उघडायला हव्यात, फुंकर थांबली की मिटायला हव्यात. मागून टॉर्च लावली तर कडेने उजेड दिसू नये. ज्याच्या कडेला मऊ रबर होतं तो निवडला, कारण ते मिटतानाचा आवाजही गिळतं.

बसवताना दोन गोष्टींवर मी अडून बसलो. डॅम्पर फॅनला चिकटून लावायचा नाही, कारण पंख्यातून निघालेली हवा गरगरत येते आणि झडपांना फडफडवते. १०० मिलिमीटरच्या डक्टमध्ये मी ३० सेंटिमीटर अंतर सोडलं. आणि आडव्या डक्टमध्ये डॅम्परची दांडी उभी ठेवायची. ती आडवी ठेवली तर एक झडप वजनाने पडू पाहते आणि दुसरी लटकते, दोघी सारख्या मिटत नाहीत. डक्टला बाहेरच्या दिशेने किंचित उतार दिला, म्हणजे वाफेचं पाणी फॅनकडे परतत नाही. बाहेरच्या झाकणातली वजनाची झडप काढून टाकली. एकामागे एक दोन झडपा म्हणजे दुप्पट अडथळा, आणि बाहेरची झडप वाऱ्यात वाजतच राहिली असती.

पहिल्याच चाचणीत गडबड निघाली. फॅन बंद केला, तर दोन झडपांपैकी एकीचाच मिटल्याचा आवाज आला. डक्ट उघडून आत टॉर्च मारली, तर जोड पक्का करायला कारागिराने मारलेल्या पत्र्याच्या स्क्रूचं टोक चार मिलिमीटर आत आलं होतं आणि झडपेची कड नेमकी त्यावर टेकत होती. स्क्रू काढला, भोकावर आणि जोडावर अ‍ॅल्युमिनियमची टेप गुंडाळली. मग दोन्ही झडपा एकदम मिटल्या, 'फट' असा एकच हलका आवाज करून. डॅम्परच्या जोडाजवळ स्क्रू मारू नका, टेप किंवा क्लॅम्प लावा, हे मी आता प्रत्येकाला काम सुरू होण्याआधीच सांगतो.

फॉल्स सीलिंगला तिथे एक उघडता येणारं झाकण ठेवलंय, डॅम्पर साफ करायला. सहा महिन्यांनी उघडून पाहिलं तर झडपांवर तंतूंचा पातळ थर होता, ओल्या फडक्याने निघून गेला. स्प्रिंगला काही लावलं नाही. त्या आधीच्या आठवड्यात दोन रात्री जोराचा वारा होता. सकाळी आईला विचारलं, तर वारा होता हे तिला बाहेर पडलेल्या फांद्या पाहून कळलं.