दिवाळीच्या हजार पाकिटांसाठी आमचा कागद

इंदूरच्या सुदामानगरात आमचा पाच जणींचा गट आहे. मी, माझ्या सासूबाई, शेजारच्या दोन वहिनी आणि एक मावशी. 2019 पासून भाजणीची चकली, शंकरपाळे, मेतकूट असं करून ओळखीच्या घरांना देतो. घाऊक गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं जून 2023 मध्ये. विजयनगर भागातला एक व्यावसायिक कंपन्यांसाठी दिवाळी भेटीचे डबे भरून देतो. त्याला हजार डब्यांसाठी चकली हवी होती, प्रत्येक डब्यात पाव किलो. कोणीतरी त्याच्या घरी आमची चकली नेली होती, ती त्याला आवडली, एवढ्यावर तो आला होता.

पहिल्या भेटीला आम्ही काय नेलं ते सांगते. पितळी ताटात रचलेल्या चकल्यांचे, मागे तोरण आणि पणती असलेले सहा फोटो. मावशींच्या हातची एक किलो चकली. आणि तोंडी भाव, किलोला 280 रुपये. मावशींचा हात आमच्यात सगळ्यात चांगला, म्हणून नमुना त्यांच्याकडूनच करून घेतला होता.

त्या व्यावसायिकांनी चकली खाल्ली, छान म्हणाले, आणि मग शांतपणे विचारलं, "ही कुठे बनते?" मी म्हटलं, आमच्या पाचही घरी, ज्याला जसा वेळ मिळेल तशी. पुढचा प्रश्न आला, मग अन्नसुरक्षेचा नंबर कोणत्या घराचा? आमचा नंबर होता. 2022 साली FoSCoS या अन्नसुरक्षा विभागाच्या पोर्टलवर नोंदणी केली होती. तेव्हा वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधी नोंदणी पुरत असे आणि फी वर्षाला 100 रुपये होती. पण ही नोंदणी जागेची असते. चौदा आकडी नंबर माझ्या घरच्या पत्त्यावरचा, तेव्हा वहिनींच्या ओट्यावर तळलेल्या चकलीवर तो छापता येत नाही. हे आम्हाला माहीत असायला हवं होतं. त्याहून मोठी गोष्ट त्यांनी पुढे सांगितली. नोंदणी म्हणजे तुम्ही कोण आणि कुठे हे सरकारला कळलं, एवढंच. माल चांगला आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. ते मला वेगळं दाखवा.

घरी येऊन आम्ही पहिला निर्णय घेतला की तळणं आणि पॅकिंग फक्त माझ्या घरी होईल. मागच्या अंगणाला शेड होती, तिथे दोन शेगड्या आणि दोन मोठ्या कढया लावल्या. या एका निर्णयाने आमची क्षमता एकदम कमी झाली, आणि पुढचं सगळं गणित त्यावरच उभं राहिलं.

आधी टिकाऊपणा पाहिला. जूनमध्ये थोडी चकली करून सहा पाकिटं स्वयंपाकघराच्या कपाटात ठेवली आणि दर आठवड्याला एक फोडायची, असं ठरवलं. तिसऱ्या आठवड्यात पाकीट फोडलं तर चकली मऊ, आणि जिभेच्या मागच्या बाजूला खवट चव. दोन वेगळ्या चुका होत्या. मऊ पडली ती पावसाळी हवेत कोमट असतानाच पाकिटात भरली म्हणून. आतली वाफ पाकिटातच राहते आणि चकली ती पिते. खवट झाली ती तेलामुळे. आम्ही तिसऱ्या दिवशीही तेच तेल कढईत ठेवून वरून नवीन घालत होतो. पुन्हापुन्हा तापवल्याने तेलात तयार होणाऱ्या ध्रुवीय घटकांचं प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेलं की ते तळणीला वापरू नये, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. आमच्याकडे मोजायचं साधन नाही, म्हणून आम्ही डोळ्यांवर भरवसा ठेवला: तेल काळपट झालं, चकली सोडल्यावर फेस लवकर बसेना, किंवा नेहमीपेक्षा लवकर धूर आला की ते काढायचं. नंतर त्याहून सोपा नियम केला, एका दिवसाचं तेल दुसऱ्या दिवशी नाही. साधी प्लास्टिकची पिशवीही बदलली. चंदेरी थराची पाकिटं घेतली, त्यांतून उजेड आणि हवा फार आत येत नाही.

दुसरी चाचणी 10 ऑगस्टला केली. या वेळी चकली जाळीवर पूर्ण गार करून, हात लावून बघून मगच भरली. याच तारखेचा बॅच नंबर घालून एक पाकीट एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत दिलं, आणि 45 दिवस कपाटात राहिलेलं दुसरं पाकीट सप्टेंबरअखेर दिलं. आर्द्रता, तेल किती खवट झालं ते सांगणारी ॲसिड व्हॅल्यू आणि पेरॉक्साइड व्हॅल्यू, बुरशी आणि जिवाणू, एवढ्याच तपासण्या मागितल्या. तळलेल्या सुक्या पदार्थात बिघाड इथेच दिसतो. दोन्ही अहवाल चांगले आले. तरी पाकिटावर आम्ही 30 दिवसच छापायचं ठरवलं, कारण आमचं कपाट थंड आणि अंधारं होतं, कंपनीच्या गोदामाची खात्री नव्हती.

एक बारीक गोष्ट. अहवालाच्या तळाशी लिहिलेलं असतं की निष्कर्ष फक्त दिलेल्या नमुन्यापुरते आहेत. म्हणून नमुना देताना बॅच नंबर लिहून दिला नाही, तर तो कागद तुमच्या कोणत्याही मालाशी जोडता येत नाही. मावशींच्या हातची निवडक चकली पाठवली असती तर अहवाल आला असता, पण तो आमच्या रोजच्या मालाचा नसता. त्यामुळे पाच जणींनी मिळून केलेल्या दिवसाच्या मालातूनच पाकिटं उचलली.

मग क्षमता. आतापर्यंत आम्ही "दिवसाला पंचवीस-तीस किलो होईल" असं म्हणत होतो. मोबाइलवर वेळ लावून एक पूर्ण दिवस मोजला. एका कढईत एका घाण्याला बारा चकल्या, तळलेली चकली सुमारे 18 ग्रॅमची, म्हणजे घाणा 216 ग्रॅमचा. मंद आचेवर तळायला सात मिनिटं. आच वाढवली की वरून रंग येतो, आत ओलावा राहतो, म्हणून इथे घाई चालत नाही. दोन कढयांवर सहा तासांत कागदावर बावीस किलो बसतात, प्रत्यक्षात तेल तापणं, पीठ मळणं, सोऱ्या धुणं धरून सोळा निघाले. त्यातल्या तुटक्या आणि जास्त लाल झालेल्या बाजूला काढल्या की पाकिटात घालण्यासारखे साडेचौदा किलो. हाच आमचा खरा आकडा.

दिवस किती मिळतात? नवरात्रात कोणी पूर्ण वेळ येऊ शकत नाही. दसरा 24 ऑक्टोबरला होता. 25 पासून 8 नोव्हेंबरपर्यंत दोन रविवार वगळून तेरा दिवस. एक दिवस आजारपणाला किंवा वीज गेली तर हाताशी ठेवला, तर बारा दिवसांत 174 किलो. त्यांना हवे होते 250. सासूबाई म्हणाल्या, "नाही म्हणण्यापेक्षा आणखी दोघी घेऊ." पण अडचण हातांची नव्हती, कढयांची होती. तिसऱ्या कढईला शेडमध्ये जागा नाही, आणि दुसऱ्या घरी तळलं तर पुन्हा तोच नंबरचा प्रश्न.

भाव मी स्वतः पुन्हा काढला, आणि तिथे मला मोठा धक्का बसला. 280 हा भाव आम्ही सियागंजच्या घाऊक बाजारातून आणलेल्या सामानाच्या खर्चाला जवळपास सव्वादोनाने गुणून काढला होता. भाजणी, तेल, तीळ, तिखट धरून किलोला 121 रुपये लागतात, पण बाजूला काढलेल्या मालाचा भार घातला की 134 होतात. गॅस 10. पाच जणींना दिवसाला साडेतीनशे दिले तर साडेचौदा किलोवर मजुरी 121 येते, सामानाइतकीच. तपासणीचा खर्च वर्षभराच्या मालावर वाटून 10, पोहोचवायचे 6. झाले 281. पाकीट, लेबल आणि खोक्याचे नगाला 9 रुपये वेगळे. म्हणजे पाव किलोचं पाकीट आम्हाला 79 रुपयांना पडतं आणि आम्ही ते 70 ला देऊ केलं होतं. मजुरी धरली नाही म्हणून आजवर आम्हाला नफा दिसत होता.

उत्तर वहिनींना सुचलं. डबे हजारच हवेत ना, मग पाकीट दीडशे ग्रॅमचं केलं तर? एकूण 150 किलो, अकरा दिवसांचं काम, दोन दिवस हाताशी. दीडशे ग्रॅमचा खर्च 42 रुपये, वर 9, म्हणजे 51. आम्ही भाव 64 लावला. किलोच्या हिशेबाने तो महाग दिसतो, म्हणून प्रस्तावात आम्ही पाकिटाचाच भाव लिहिला आणि खाली पाकिटाचा खर्च वेगळा का लागतो तेही लिहिलं.

अनंत चतुर्दशीनंतर या प्रस्तावाचा दोन पानांचा कागद घेऊन गेलो. फोटो चार, दिवसाच्या उजेडात, खिडकीशी काढलेले: पाकीट समोरून, मागून लेबल वाचता येईल असं, पट्टीशेजारी एक चकली, आणि मोडलेली चकली, म्हणजे आतली पोकळ जाळी दिसावी. पाचवा फोटो शेडचा, कढया आणि नापतोल, म्हणजे वजनमापे तपासणाऱ्या विभागाचा शिक्का असलेला वजनकाटा दिसेल असा. त्यांनी सगळ्यात जास्त वेळ लेबलचा आणि मोडलेल्या चकलीचा फोटो पाहिला. क्षमतेच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "यातले हाताशी ठेवलेले दिवस मला द्याल का?" मी नाही म्हटलं. ते हसले आणि दीडशे ग्रॅमला तयार झाले.

भाव त्यांनी 60 मागितला. आम्ही 62 वर आलो, पण अर्धी रक्कम आगाऊ घेतली, कारण सामान आणि पाकिटांचेच जवळपास तीस हजार आधी लागणार होते. लघुउद्योगांसाठीच्या सरकारी उद्यम नोंदणीचा नंबर कागदावर होता, तेव्हा उरलेली रक्कम 45 दिवसांत देण्याचं त्यांनी लिहून दिलं. माल दोन खेपांत द्यायचा ठरला, 3 आणि 8 नोव्हेंबरला, म्हणजे पहिल्या दिवसाची चकली दिवाळीपर्यंत फार जुनी होऊ नये. प्रत्येक बॅचची दोन पाकिटं सही करून ठेवायची, एक त्यांच्याकडे, एक आमच्याकडे.

दुसऱ्या खेपेनंतर त्यांचा फोन आला, एका खोक्यात बऱ्याच चकल्या तुटल्या होत्या. बॅच नंबर विचारला, आमचं पाकीट फोडलं, आतल्या चकल्या अखंड होत्या. म्हणजे मोडतोड वाहतुकीत झाली होती: त्या खेपेला खोकी तीनऐवजी पाचच्या थराने रचली गेली होती. बारा पाकिटं आम्ही बदलून दिली, आणि पुढच्या वर्षीच्या कागदावर एक ओळ वाढवली, खोकी तीन थरांपेक्षा जास्त रचू नयेत.