तुम्ही विचारलंत म्हणून: रोज लॉक होणाऱ्या अकाउंटचं तिकीट

"तिकीट टाकून आठवडा झाला, काम होत नाही. चिडून लिहिलं तर उद्धट ठरते, गोड लिहिलं तर कोणी दाद देत नाही. मग लिहू तरी काय?"

मी हेल्पडेस्कवर बसतो, त्यामुळे असे मेसेज माझ्याकडेच येतात. अकाउंट्समधल्या एका ताईंनी लिहिलं होतं: "पुन्हा लॉक! कोणी बघतंय की नाही?" राग रास्त होता. रोज सकाळी स्क्रीनवर `The referenced account is currently locked out` यायचं, त्या तिकीट टाकायच्या, आमच्यापैकी कोणीतरी अनलॉक करून ते बंद करायचं. आमच्या हिशेबात प्रत्येक तिकीट वेळेत सुटलेलं! त्यांची ती ओळ वाचणाऱ्यानेही पुन्हा अनलॉकच केलं, कारण वेगळं काही मागितलेलंच नव्हतं.

मग आम्ही दोघांनी बसून तोच राग असा लिहिला:

"नमस्कार. 3 तारखेला पासवर्ड बदलल्यापासून माझं अकाउंट रोज लॉक होतंय. परवा 9.50, काल 9.35, आज 9.40. दर वेळी लगेच अनलॉक करून दिलंत, त्याबद्दल आभार. आधीच्या तिकिटांचे नंबर खाली दिले आहेत. आता अनलॉक करण्यासोबत लॉक कुठून होतंय तेही शोधाल का? 20 तारखेला जीएसटीआर-3बी भरायचा आहे, ते काम माझ्याच लॉगिनवर आहे. हे कोणाकडे दिलंय, एवढं आज संध्याकाळपर्यंत कळवाल का?"

यात सगळ्यात मोलाच्या आहेत त्या वेळा. अकाउंट लॉक झालं की डोमेन कंट्रोलरच्या, म्हणजे सगळ्यांचे पासवर्ड तपासणाऱ्या सर्व्हरच्या, सिक्युरिटी लॉगमध्ये `4740` क्रमांकाची नोंद पडते आणि चुकीचा पासवर्ड कुठल्या मशीनवरून आला त्याचं नाव तिथे असतं. वेळ माहीत असली की ती नोंद पटकन सापडते. ताईंच्या बाबतीत नाव निघालं मेल सर्व्हरचं, म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरचा दोष नव्हता. नाव सर्व्हरचं असलं की खरं उपकरण वेगळं शोधावं लागतं. इथे तो त्यांचा मोबाइल निघाला: त्यातल्या मेलमध्ये जुना पासवर्ड तसाच राहिला होता.

20 तारीखही कामाची. एकाच माणसाची अडचण म्हटली की प्रायॉरिटी खालचीच लागते. काम कोणत्या दिवशी अडणार हे कळलं, तरच ती वर नेता येते.

मेसेज त्याच तिकिटावर टाका आणि टीम लीडला कळवा. थेट डायरेक्टरना सीसीत घेतलंत, तर आमचा निम्मा दिवस खुलासा लिहिण्यात जातो. आणि पाठवण्याआधी तिकिटाचं स्टेटस बघा. "Awaiting User" असेल तर बऱ्याच ठिकाणी मुदतीचं घड्याळ थांबलेलं असतं. आमच्या कोणीतरी काही विचारलेलं असतं, त्याचं उत्तर आधी द्या.