ताईचा झुमका कुठं गेला?

ताईला नोकरीच्या अर्जासाठी फोटो हवा होता. रविवारी सकाळी सांगलीत विश्रामबागच्या आमच्या घरी मी तिला हॉलच्या भिंतीला टेकवून उभं केलं, पिवळा बल्ब लावला आणि दोन फुटांवरून पोर्ट्रेट मोडमध्ये फोटो काढला. मोबाईलवर झकास दिसत होता. लॅपटॉपवर मोठा केला तर ताई ओरडली, "अरे, माझा झुमका कुठं गेला?"

झुमका अर्धा भिंतीत विरघळला होता. कुरळ्या केसांची कड तर कात्रीनं कापल्यासारखी. शिवाय नाक जरा जास्तच मोठं, ते जवळून काढल्यामुळं.

पोर्ट्रेट मोडमध्ये मोबाईल जवळचं काय आणि लांबचं काय याचा अंदाज बांधतो, माणसाभोवती कड आखतो आणि कडेबाहेरचं सगळं पुसट करतो. केसांच्या बटा, लोंबतं कानातलं, चष्म्याची काडी इथं त्याचा अंदाज चुकतो. त्यात डोकं भिंतीला चिकटलेलं आणि उजेड कमी. मग कड कुठं आखायची?

दुसऱ्या खेपेला जेवणाचं टेबल सरकवलं आणि ताईला भिंतीपासून सहा फूट पुढं आणलं. आमची खिडकी पूर्वेची. थेट ऊन तोंडावर आलं की डोळे मिचमिचतात आणि नाकाखाली काळी सावली पडते. आजोबांचं धोतर एकपदरी खिडकीवर टाकलं, तसा उजेड मऊ झाला. (उत्तरेची खिडकी असती तर धोतर वाचलं असतं.) ताई खिडकीपासून तीनेक फुटांवर, खिडकी तिच्या डाव्या अंगाला, थोडी पुढं. उजवा गाल काळवंडत होता, म्हणून त्या बाजूच्या खुर्चीवर पांढरी चादर पसरली. बल्ब बंद केला, नाहीतर एक गाल पिवळा येतो.

मी पाच फूट मागं गेलो, 2x दाबलं, मोबाईल तिच्या डोळ्यांच्या उंचीला धरला. स्क्रीनवर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवून उजेड किंचित खाली ओढला, कारण कपाळ पांढरं पडत होतं. चष्म्यात खिडकी चमकत होती. हनुवटी जराशी खाली घ्यायला सांगितली, चमक गेली.

फोटो काढून झाल्यावर एडिटमध्ये ब्लरची पट्टी निम्म्याच्याही खाली आणली. पट्टी वर नेली की कडेची चूक ठळक होते, खाली आणली की लपते. भिंत मुळातच लांब असल्यानं थोडा ब्लर पुरला. एक बट तरीही तुटलेली दिसत होती. ती कानामागं सारून परत एक काढला.

लॅपटॉपवर उघडल्यावर ताईनं आधी कान पाहिला, चेहरा नंतर. "हं, झुमका आहे," म्हणाली आणि अर्ज भरायला बसली. धोतर मात्र आजोबांनी लगेच मागून घेतलं.