चॅनलचं नाव : ‘पायवाट’ सोडली, ‘चल निघू’ घेतलं

प्रवासाच्या व्हिडिओंच्या यूट्यूब चॅनलसाठी मी ‘पायवाट’ हे नाव महिनाभर मनात धरून होते. शब्द देखणा आहे, अर्थही नेमका. पण इंग्रजी अक्षरांत लिहायला बसले आणि अडले: payvat, paywat, paayvat, paayvaat, payvaat. पाच मैत्रिणींना फोनवर नाव सांगून टाइप करायला लावलं, तर चार वेगवेगळी स्पेलिंग आली. ‘व’चा v की w, आणि ‘आ’ला एक a की दोन, हे प्रत्येकजण आपापल्या सवयीने ठरवतं.

चॅनलचं नाव दोघांचं सारखं असलं तरी चालतं, पण हँडल, म्हणजे @ लावलेला चॅनलचा पत्ता, एकाचंच असतं. म्हणजे मी `@payvat` घेतलं आणि कुणी `@paywat` टाइप केलं, तर तो प्रेक्षक दुसऱ्याच चॅनलवर जाणार.

मग वाटलं, हँडल देवनागरीतच घ्यावं. यूट्यूब ते घेऊ देतं. पण ब्राउझरमधून लिंक कॉपी केली की बरेचदा एकट्या ‘प’चं `%E0%A4%AA` होतं. ‘पायवाट’मध्ये काने धरून सहा चिन्हं, म्हणजे चोपन्न अक्षरांची शेपटी. अशी लिंक कुणाला तोंडी सांगता येत नाही आणि मेसेजमध्ये ती फसवी वाटते. तो विचार सोडला.

आता निकष उलटा केला: आधी स्पेलिंग, मग अर्थ. व, फ, ळ आणि मनात घोळ घालणारे दीर्घ स्वर शक्यतो टाळायचे. ‘चल निघू’ पुढे आलं. त्याच पाचजणींना फोन केले. चौघींनी chalnighu लिहिलं, एकीने शेवटी oo लावला. एवढं चालेल.

शोधून पाहणं मात्र वगळू नका. नाव यूट्यूबच्या शोधात टाकल्यावर त्याने आपणहून दुसऱ्याच शब्दाचे निकाल दाखवले, तर समजा की नव्या चॅनलला त्या ओळखीच्या शब्दाशी झगडावं लागणार. माझ्या यादीतलं एक नाव याच कारणाने गेलं.

हँडल मोकळं आहे का, हे `youtube.com/@...` उघडून ठरवू नका. पान सापडलं नाही, तरी ते हँडल मिळेलच असं नाही. खरं उत्तर यूट्यूब स्टुडिओतल्या कस्टमायझेशनमध्ये हँडलच्या रकान्यात टाइप केल्यावरच कळतं. तिथे मागे आकडे लावलेला पर्याय सुचवला, तर मी तो घेत नाही. आकडा कुणाच्या लक्षात राहत नाही. जोडरेघही टाळली, कारण इन्स्टाग्रामवर ती चालत नाही आणि मला दोन्हीकडे एकच हँडल हवं होतं.

काल `@chalnighu` घेतलं. चॅनलच्या नावात ‘चल निघू’ आणि Chal Nighu, दोन्ही लिहिलंय, म्हणजे दोन्ही लिप्यांतून शोधणाऱ्यांना सापडेल. हँडल 14 दिवसांत दोनदाच बदलता येतं, त्यामुळे पहिला व्हिडिओ टाकण्याआधी oo लावणारीला पुन्हा एकदा, स्पेलिंग न सांगता, नाव नुसतं ऐकवून शोधायला लावणार आहे.