अधिक महिन्याचं वर्ष आणि आमची एकांकिका स्पर्धा

इंदूरच्या आमच्या मंडळाचं वार्षिक कॅलेंडर मी करते. 2026 चं करताना एक जागा अशी अडली, की अजून तिचाच विचार डोक्यात आहे.

कार्यकारिणीतल्या एका काकांनी कच्चा आराखडा आणला होता. पद्धत सोपी होती. 2025 च्या सणांतून 11 दिवस वजा करायचे. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणून एरवी हे जमतं. त्या हिशेबानं दसरा 21 सप्टेंबरला उरकत होता आणि तरुणांची एकांकिका स्पर्धा 26-27 सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी छान बसत होती. पण 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. त्यानंतरचे सण अलीकडे येत नाहीत, उलट अठरा-एकोणीस दिवस पुढे जातात. 27 ऑगस्टची गणेश चतुर्थी थेट 14 सप्टेंबरला, आणि अनंत चतुर्दशी शुक्रवारी, 25 तारखेला.

इंदूरच्या माणसाला पुढचं सांगायला नको. त्या रात्री गिरण्यांच्या झांक्या निघतात, राजवाड्याभोवतीचे रस्ते बंद असतात आणि अर्धं शहर पहाटे झोपतं. अशा शनिवारी सकाळी नेपथ्याचा टेम्पो कुठून आणणार आणि पहिली एकांकिका बघायला कोण येणार? पंचांग न उघडता केलेलं कॅलेंडर म्हणजे नुसती इच्छांची यादी, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑक्टोबरात 11 तारखेपासून नवरात्र, मग 8 नोव्हेंबरला दिवाळी. देवउठनी एकादशीनंतर लग्नसराईत सभागृह मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा, शिवाय लाउडस्पीकरवर कोलाहल नियंत्रण कायद्याचे निर्बंध. उरला पितृपक्ष. 2 ऑक्टोबरचा शुक्रवार सुटीचा, त्या दिवशी लाइट लावून रंगीत तालीम करायची आणि 3-4 ला स्पर्धा. शाळांकडून सहामाहीच्या तारखा मागवल्या, त्या आड येत नव्हत्या. सभागृह मोकळं होतं.

"पितृपक्षात उद्घाटन? अहो ताई, कसं चालेल?" काकांनी विचारलं. मी म्हटलं, नारळ फोडायचाच नाही. स्पर्धा नुसती सुरू करू आणि बक्षीस समारंभ कोजागिरीला, रविवारी 25 ऑक्टोबरला, दुधासोबत ठेवू. ठराव झाला.

पण त्याच दिवसांत अविधवा नवमी येते. एका मुलीच्या आईचा फोन आला, "घरी सासूबाईंचं पान असतं, मी आणि ती दोघी स्वयंपाकात. तालमीला पाठवीन, पण चार तारखेचं कबूल करत नाही." सभागृहाच्या वहीत आणि शाळेच्या पत्रकात हे कुठेच नसतं. आता प्रवेशपत्रिकेवर एक रकाना वाढवलाय: घरच्या श्राद्धाची तिथी. तिचा संघ शनिवारी टाकलाय. बाकीच्या पत्रिका यायच्या आहेत.